'मी काम केलो' म्हटलं की नेमकं काय बिघडतं?

पुण्यात नवीन गेलेलो, कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहत होतो, पहिल्याच आठवड्यात रात्री एकानं विचारलं जेवलास का, मी सहज म्हणालो, "होय की, मघाशीच जेवण केलो." समोरचा थांबला, माझ्याकडं बघितला आणि म्हणाला, "केलो? कुणी केलं तुला?" खोलीत हशा. मला पाच मिनिटं कळलंच नाही की हसायला काय झालं. बेळगावात, म्हणजे वडगावपासून येळ्ळूरपर्यंत कुठंही जावा, जेवण केलो, काम केलो, गाडी धुतलो, असंच चालतं. त्या दिवसापासून मी पुण्यात असेपर्यंत "केलो" तोंडातून काढलो नाही. बेळगावचा स्टँड आला की आपोआप परत यायचा, तो भाग वेगळा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाच्याची वही. सहावीत आहे, मराठी मिडियम, निबंधात लिहिलेलं "सुट्टीत मी खूप मजा केलो" आणि केलो भोवती लाल गोल, शेजारी समासात लिहिलेलं, "कानडी मराठी नको, शुद्ध लिही." बाईंचा राग नाही आला मला, परीक्षेत मार्क जातील तर त्यांनी सांगायलाच पाहिजे. पण "शुद्ध" हा शब्द डोक्यात बसला. कारण या एका "केलो"वर मी आयुष्यात तीन वेगवेगळे आरोप ऐकलेत. एक, ही कानडीची भेसळ आहे, म्हणजे अशुद्ध. दोन, याला व्याकरणाचं लॉजिक नाही, "कुणी केलं तुला" हा त्यातलाच. आणि तीन, कानाला बरं लागत नाही, रांगडं वाटतं. जगात कुठल्याही बोलीबद्दल लोक बोलतात ते फिरून फिरून हेच तीन मुद्दे असतात, शुद्ध, तर्कशुद्ध आणि सुंदर. भाषेचा अभ्यास करणारे लोक अशा समजुतींच्या गाठोड्याला भाषिक विचारसरणी म्हणतात, म्हणजे भाषा कशी आहे हे नव्हे, तर भाषेबद्दल लोकांनी मनात काय धरलंय ते. तर मी म्हटलं, एकच क्रियापद घेऊ आणि तिन्ही आरोप त्याच्यावर लावून बघू.

आधी लॉजिक, कारण हा आरोप सगळ्यात हुशार दिसतो.

प्रमाण मराठीत मी भाकरी खातो, मी आंबा खातो, मी काम करतो. वर्तमानकाळात क्रियापद "मी"च्या मागनं चालतं, भाकरी असो की आंबा, त्याला फरक पडत नाही. पण भूतकाळात आलं की ते एकदम उडी मारून वस्तूच्या मागं लागतं. मी भाकरी खाल्ली, मी आंबा खाल्ला, मी काम केलं. म्हणजे खाणारा मीच, पण क्रियापद भाकरीला विचारतंय तू बाई की बाप्या. आणि त्या वस्तूला "ला" लागला की ते तिलाही सोडतं, "मी मुलीला बघितलं", मुलगी असून बघितलं, नपुंसकलिंगी. शाळेत हे कर्तरी, कर्मणी, भावे म्हणून पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं.

आता बेळगावची पद्धत. मी भाकरी खातो, मी भाकरी खाल्लो. तो काम करतो, तो काम केला. तो भाकरी खाल्ला. क्रियापद दोन्ही काळात कर्त्याच्या मागनं. झालं. नियम एवढाच. हा नियम नाही, गोंधळ आहे, असं म्हणणाऱ्यानं एक साधं करून बघावं, बेळगावच्या माणसाला मुद्दाम चुकवायला बघावं. "मी भाकरी खाल्ला" असं आपल्यातला कुणीही म्हणणार नाही, म्हटलं तर आपणच हसू. जिथं चूक करता येते तिथं नियम असतो, एवढं तरी मान्य करायला पाहिजे.

मग "कुणी केलं तुला" हा जोक कुठून येतो? प्रमाण मराठीच्या कानाला "केलो" म्हणजे क्रियापदानं "मी"ला धरलंय, आणि त्यांच्या नियमात भूतकाळात क्रियापद ज्याला धरतं ती केलेली वस्तू असते, म्हणून मीच केलेली वस्तू झालो. जोक बरोबर आहे, पण तो त्यांच्या नियमानं बरोबर आहे. एका खेळाचा नियम दुसऱ्या खेळाला लावून आऊट दिल्यासारखं ते.

आणि खरी गंमत तर पुढं आहे. प्रमाण मराठी स्वतः तरी तो नियम पाळती का? "मी पाणी प्यायलो." पुण्यातला माणूससुद्धा असंच म्हणतो. पाणी ही वस्तू आहे, पाणी नपुंसकलिंगी, मग "मी पाणी प्यायलं" का नाही? मी मराठी शिकलो, मी तुझं नाव विसरलो, आम्ही मॅच जिंकलो, मी क्रिकेट खेळलो. सगळीकडं वस्तू आहे आणि सगळीकडं क्रियापद कर्त्याच्या मागं, अगदी "काम केलो" सारखं. एका क्रियापदाला तर दोन्ही रूपं आहेत, "मी म्हणालो" पण चालतं आणि "मी म्हटलं" पण चालतं, एकाच माणसाच्या तोंडी एकाच गप्पांत. पाणी प्यायलो म्हणणाऱ्याला कधी कुणी विचारलं नाही, "कुणी प्यायलं तुला?"

अजून एक. "तू भाकरी खाल्लीस." हे शंभर टक्के प्रमाण. यात "खाल्ली" भाकरीसाठी आणि शेवटचा "स" तुझ्यासाठी, एकाच क्रियापदाला दोन मालक. व्याकरणाच्या पुस्तकात याला नाव आहे, कर्तृकर्मसंकर प्रयोग, स्पर्धा परीक्षा दिलेल्यांना माहीत असेल. संकर. म्हणजे ज्या भाषेला शुद्ध म्हणतो तिच्याच रोजच्या वाक्याचं नाव पुस्तकवाल्यांनी संकर ठेवलंय आणि कुणाला काही वाटलं नाही, कारण सवय.

आता याचा अर्थ बेळगावची मराठी जास्त लॉजिकल, असा काढू नका. तो मोह मला पण होतो पण तो पण तसलाच खेळ झाला, फक्त दुसऱ्या बाजूनं. दोन्ही पद्धतींत काहीतरी मिळतं, काहीतरी जातं. नुसतं "धुतलो" म्हटलं की कोण धुतला ते कळतं, काय धुतलं ते कळत नाही. नुसतं "धुतली" म्हटलं की गाडी असेल, चादर असेल, काहीतरी स्त्रीलिंगी आहे एवढं कळतं, पण धुतली कुणी ते कळत नाही. एवढाच सौदा आहे. शेवटाला चिकटलेली एक खूण एकच माहिती वाहून नेणार, ती कुणाची न्यायची हे प्रत्येक बोली आपापलं ठरवती. लॉजिकचा दाखला देणाऱ्याची परीक्षा अशीच घ्यायची, तो नियम त्याच्याच भाषेला सगळीकडं लावून बघायचा, दोन मिनिटांत पाणी प्यायलो बाहेर येतं.

आता भेसळीचा आरोप. यात थोडं तथ्य आहे, ते आधी कबूल करतो. कानडीत "नानु केलसा माडिदे", मी काम केलो, यात क्रियापद "नानु"च्या मागं असतं, केलसाशी त्याचा संबंध नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लोक शेकडो वर्षं दोन्ही भाषा एकाच बाजारात बोलत आलेत, सकाळी भाजीवालीशी कानडीत घासाघीस आणि घरी येऊन मराठीत भांडण, त्यामुळं सांधा एकमेकाला जुळणारच. आमच्याकडं बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात, त्याच्या मागं पण हेच धरतात, कानडीत "मी"ला बाई-बाप्या असा फरकच नाही. माझी आत्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर "येतो हं मी" म्हणाली की पाहुणे तिच्याकडं बघत बसतात, ती आपली जातो म्हणून गेलेली पण असती.

या जुळण्याचा फार गाजलेला अभ्यास आपल्या जवळचाच आहे, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी तिथल्या बोलींवर 1971 मध्ये लिहिलं. गावात मराठी, कानडी, उर्दू असं सगळं चालायचं, काही घरांत तेलुगूही. त्यांना दिसलं की शब्द वेगळे राहिलेत पण वाक्याचा सांगाडा एक झालाय, इतका की एक भाषा काढून तिच्या जागी दुसरी तुकडा-तुकडा बसवता येते. त्यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, "पाला जरा कापून घेऊन आलो", याचंच उर्दू घेतलं आणि कानडी घेतलं तरी शब्दांचा क्रम तोच, जोड तेच, फक्त शब्द बदलायचे. आता यात महत्त्वाचं काय, तर लोकांनी भाषा सोडल्या नाहीत. प्रत्येकाला घरात आपली भाषा पाहिजे होती, आणि बाहेर सगळ्यांशी बोलायला डोक्याला कमी त्रास पण पाहिजे होता, मग शब्द आपले ठेवले आणि सांगाडा सामाईक केला. मला तर ही भेसळ कमी आणि दोन भावांनी मधली भिंत सामाईक ठेवून घर बांधलं तसं जास्त वाटतं.

पण "केलो" नुसता कानडीमुळंच आला, असं छातीठोक म्हणता येत नाही. बंगालीत पण भूतकाळात क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं, आणि तिथं शेजारी कानडी नाही. म्हणजे भाषा या वाटेनं आपली आपण पण जाऊ शकते, कानडीनं फार तर मागनं ढकललं असेल.

शुद्धच बघायचं तर मूळ बघूया की. जुन्या संस्कृतात मी केलं याला "अहम् अकरवम्" असं रूप होतं, क्रियापद थेट "मी"च्या मागं, बेळगावसारखं. पुढं बोलण्यात "मया कृतम्" वाढलं, म्हणजे "माझ्याकडून केलेलं", त्यात साहजिकच केलेली वस्तू पुढं आली आणि क्रियापद तिच्या मागं गेलं. त्यातनंच जुन्या मराठीत "म्यां केले", "त्वां केले" आलं. हे "म्यां" म्हणजे "माझ्याकडून", विभक्तीच्या तक्त्यात तृतीयेच्या घरात अजून दिसतं ते. मग प्रमाण मराठीनं काय केलं, "म्यां" टाकून दिलं आणि तिथं साधं "मी" बसवलं. मी करतो, मी केलं. आता "मी" बघून तो कर्ता आहे की "माझ्याकडून" आहे हे कळायची खूणच गेली, तिसऱ्या माणसाला फक्त "ने" उरला, त्याने, तिने. म्हणजे जुनी रचना अर्धी तर पुण्यानंच मोडली. बेळगावनं उरलेली अर्धी मोडून "मी केलो, तो केला" केलं, आणि गाडी फिरून जिथं अकरवम् होतं तिथंच आली.

मग शुद्ध कुठलं म्हणायचं? मूळचं ते शुद्ध म्हटलं तर अकरवम्, आणि ते बेळगावच्या बाजूला जातं. मधलं ते शुद्ध म्हटलं तर "म्यां केले" म्हणायला पाहिजे, ते आज पुण्यात म्हणून बघा, लोक नाटकातला समजतील. म्हणून शुद्ध म्हणणाऱ्याला मी आता एकच विचारतो, कुठल्या सालचं? आणि साल सांगितलं की त्याच सालात का थांबायचं, त्याच्या आधी का नाही, याचं उत्तर भाषेत कधी मिळत नाही.

शेजाऱ्याचं घेतलं म्हणून अशुद्ध म्हणायचं तर प्रमाण मराठीला पण ते महागात पडेल. "आपण जाऊ" आणि "आम्ही जातो", एकात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला, हा फरक मराठीची शान म्हणून सांगतात. हिंदीत तो नाही, "हम" म्हणजे दोन्ही. भाषेचे अभ्यासक हा फरक दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांच्या शेजाराचा परिणाम धरतात. आणि अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे शब्द तर शाळेच्या पुस्तकातच कानडीतून आलेले म्हणून दिलेले असतात. वरणभातावर तूप घेताना कुणाला बाटल्यासारखं वाटत नाही. म्हणजे भेसळीचा नियम सगळ्यांना नाही, नेमका आमच्या "केलो"ला तेवढा आहे.

राहिला तिसरा आरोप, कानाला बरं लागत नाही. याच्यावर वाद घालता येत नाही असं वाटतं, कारण ज्याला जे आवडतं ते आवडतं. पण लोकांनी हे पण तपासलंय.

1974 साली हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी एक प्रयोग छापला. ग्रीक भाषेच्या दोन बोली घेतल्या, एक अथेन्सची, ती तिथं प्रतिष्ठेची, आणि एक क्रीट बेटाची, तिला ग्रीक लोक खालची समजतात. ग्रीस मधल्या माणसाला विचारलं तर अथेन्सची गोड, क्रीटची खडबडीत, झटक्यात सांगेल. मग या दोन्ही बोली ग्रीकचा ओ की ठो न कळणाऱ्या ब्रिटिश लोकांना ऐकवल्या आणि विचारलं, कुठली छान वाटते, कुठली मोठ्या माणसाची वाटते. त्यांना काही फरकच सांगता आला नाही. गोडवा आवाजात असता तर परक्या कानाला पण लागला असता की. तो आवाजात नव्हता, तो "ही बोली कुणाची" या माहितीत होता, आणि ती माहिती ब्रिटिश लोकांकडं नव्हती.

त्याच्या आधी 1960 मध्ये कॅनडात माँट्रियल शहरात वॉलेस लँबर्टनी अजून एक युक्ती केली होती. इंग्लिश आणि फ्रेंच दोन्ही उत्तम बोलणारी माणसं घेतली, त्यांच्याकडनं एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचून घेतला, आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही की हा तोच माणूस आहे. वेगवेगळी माणसं आहेत असं समजून लोकांनी मार्क दिले, हुशार किती, दिसायला कसा असेल, विश्वासू वाटतो का. माणूस एकच, पण इंग्लिश बोलताना त्याला जास्त मार्क. आणि टोचणारी गोष्ट अशी की फ्रेंच बोलणाऱ्या लोकांनी पण फ्रेंच आवाजालाच कमी मार्क दिले. स्वतःच्या भाषेला.

हे वाचलो तेव्हा मला आमच्याकडची सभा आठवली. सीमाभागातला माणूस मराठीसाठी भांडत आलाय, त्यात काही कमी नाही. पण माईक हातात आला की तोच माणूस "मी आपणांस सांगू इच्छितो, आम्ही निवेदन दिले" असं बोलतो, आणि स्टेजवरनं खाली उतरून चप्पल घालता घालता बाजूच्याला म्हणतो, "सगळं सांगितलो बघ गा." जी मराठी घरात बोलतो ती माईकवर चालत नाही, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही, ते त्याला माहीतच असतं. माँट्रियलच्या फ्रेंच लोकांसारखं.

हे कानात कसं बसतं तर त्याला इतिहास आहे, तो थोडक्यात. पेशवाई 1818 ला गेली तरी पुण्याचे शास्त्री-पंडित, त्यांची लिहिण्याची सवय, ते सगळं तिथंच होतं. इंग्रजांना कारभाराला आणि शाळेला एक मराठी पाहिजे होती. मोल्सवर्थचा शब्दकोश 1831 मध्ये आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 मध्ये, आणि शाळेच्या पुस्तकांची मराठी थॉमस कँडी या इंग्रज साहेबाच्या हाताखालनं तपासून जायची. त्या खोलीत जे लोक बसलेले त्यांच्या घरची मराठी पुस्तकात गेली. समजा राजधानी बेळगावात असती आणि कोश इथं झाला असता, तर आज पुण्याच्या पोराच्या वहीत "केलं" भोवती लाल गोल असता, आणि समासात लिहिलेलं असतं, "पुणेरी मराठी नको". तसं बघितलं तर आज पण तो गोल मारता येईल, कारण पुस्तकाच्या नियमानं "केले" लिहायचं असतं, आणि "केले" असं बोलतंय कोण पुण्यात? सगळे "केलं" म्हणतात. बोलायचं एक आणि लिहायचं एक, हे पुण्यात पण आहे, फक्त अंतर कमी म्हणून दिसत नाही.

ज्युडिथ अर्विन आणि सुझन गाल या दोघींनी 2000 मध्ये या समजुती चालतात कशा ते फार चांगलं उलगडून दाखवलंय, त्यातलं मला आपल्याकडं रोज दिसतं ते सांगतो. एक म्हणजे बोली माणसाचं चित्र बनती. "केलो" रांगडं, म्हणून बेळगावचा माणूस रांगडा, आणि माणूस रांगडा म्हणून भाषा रांगडी, हे गोल गोल फिरत राहतं. पिक्चरमध्ये सुद्धा आमच्यासारखं बोलणारा एक तर पैलवान असतो नाही तर जोकर, डॉक्टर कधी नसतो.

दुसरं म्हणजे वरची पायरी खाली पण तशीच उतरती. पुणेकर बेळगावला हसतो. बेळगावात टिळकवाडीचा माणूस खेड्यातनं आलेल्याला हसतो, "काय गा, येळ्ळूरचं बोलूलालास" म्हणून. आणि हे फक्त मराठीत नाही, माझा धारवाडकडचा एक दोस्त आहे, कानडीवाला, तो बेंगळूरला नोकरीला गेला तर तिथं त्याच्या कानडीला हसले, म्हैसूर-बेंगळूरची कानडी ती गोड आणि धारवाड-बेळगावची ती खडबडीत. म्हणजे आमच्या "केलो"ला कानडी म्हणून नाव ठेवतात, आणि त्या कानडीला कानडीच नाव ठेवतात. तो आणि मी, दोघं एकाच पट्ट्यातले, दोन राजधान्यांत एकाच कारणासाठी गप्प बसलेले.

तिसरं, जे समजुतीत बसत नाही ते लोकांना दिसतच नाही. 1956 ला राज्यं नवी आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका तेवढा तोडून मुंबई राज्याकडं ठेवला, तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. रेघेच्या अलीकडं-पलीकडं सोयरिकी आहेत, बाजाराला अजून लोक बेळगावला येतात. 31 ऑक्टोबरला झोपताना जी बोली होती तीच 1 नोव्हेंबरला उठताना होती. पण आज अलीकडच्याला "तुमची कानडी मिक्स" म्हणतात आणि पलीकडचा नकाशात कोल्हापूरकर, म्हणजे अस्सल मराठी, त्याच्या बोलीत काय आहे ते कान देऊन कोण ऐकत नाही.

मग प्रमाण मराठी शिकवूच नये का? तसं मी म्हणत नाही. निपाणीच्या पोरानं लिहिलेलं नागपूरच्या माणसाला अडखळल्याशिवाय वाचता यावं यासाठी एक ठरलेली लिहायची पद्धत लागती, अर्ज, पेपर, परीक्षा तिच्यातच असणार. ती कामाची आहे म्हणून शिकायची, ती वरची आहे म्हणून नाही, आणि हा फरक वर्गात फार मोठा पडतो. लाल गोलातनं पोराला एवढंच कळतं की माझं चुकलं, आणि घरात आई-आजी बोलतात ते पण चुकीचं. नियम काय तो कळतच नाही, म्हणून पुढच्या निबंधात परत तीच चूक. कधी कधी उलटं पण होतं, पोरगं इतकं घाबरतं की "मी पाणी प्यायलं" लिहून ठेवतं, "लो" दिसला की मारतात एवढंच त्यानं धरलेलं असतं. असली चूक दिसली की ओळखायचं, पोरगं नियम शिकलेलं नाही, भीती शिकलंय.

मी भाच्याला घेऊन बसलो. वहीच्या मागच्या पानावर मधी रेघ मारली, डावीकडं "घरात", उजवीकडं "वहीत". घरात, मी मजा केलो. वहीत, मी मजा केली. घरात, मी अभ्यास केलो. वहीत, मी अभ्यास केला. विचारलो, उजवीकडं शेवट का बदलतोय सांग. दोन-तीन वाक्यं बघितला आणि म्हणाला, "वहीतलं ते मजाला बघून बदलतंय, घरातलं मला बघून." आमच्या व्याकरणाच्या सरांना हे सांगायला एक टर्म लागली होती.

मग म्हटलं आता तूच घाल वाक्यं. भाकरी, आंबा, मॅच असं करत करत पाण्यापाशी आला. डावीकडं लिहिला, मी पाणी प्यायलो. उजवीकडं पेन ठेवला, थांबला, खोडला, परत लिहिला, मी पाणी प्यायलो. दोन्हीकडं सेम.

"मामा, इथं बाई गोल का नाही मारत?"

त्याची आई स्वयंपाकघरातनं ओरडली, चहा केलो, थंड व्हायच्या आत या.